झाकणाखालचा आवाज

नमस्कार श्रोतेहो. आज पातेल्यात मक्याच्या लाह्या, म्हणजे पॉपकॉर्न, कसे फोडायचे ते सांगणार आहे. झाकण ठेवल्यावर आत काय चाललंय ते दिसत नाही. ते ऐकून ओळखायचं असतं, आणि आजचं बोलणं मुख्यतः त्या ऐकण्याबद्दल आहे.

आधी दाण्यात काय होतं ते पाहू. लाहीच्या मक्याचा दाणा वरून कोरडा दिसतो, पण चांगल्या दाण्याच्या वजनाचा साधारण चौदा टक्के भाग पाणी असतं. बाहेरचं टरफल कडक आणि घट्ट असतं. दाणा तापला की आतल्या पाण्याची वाफ होऊ पाहते, पण तिला वाट मिळत नाही. जणू प्रत्येक दाणा म्हणजे शिट्टी नसलेला इवलासा कुकर. आतलं पिठूळ द्रव्य त्या वाफेत शिजून मऊ, वाहतं होतं. दाण्याचं तापमान १८० अंश सेल्सियसच्या आसपास पोचलं की आतला दाब बाहेरच्या हवेच्या सुमारे नऊपट झालेला असतो. मग टरफल फाटतं, मऊ झालेलं पीठ फुगून बाहेर पडतं आणि क्षणात गार होऊन घट्ट होतं. ही झाली लाही.

आच किती ठेवायची, याचं उत्तर यातच आहे. आच फार मंद असेल तर दाणा रेंगाळत तापतो. त्याच्या टोकाशी, जिथे तो कणसाला चिकटलेला असतो, तिथून वाफ हळूहळू निसटते आणि दाब तयारच होत नाही. तळाशी उरणाऱ्या गणंगांपैकी बरेच असे झालेले असतात. उलट आच भडक असेल तर टरफल आधी फाटतं, गाभा मात्र कच्चा राहतो. अशी लाही लहान आणि वेडीवाकडी होते, मधोमध दाताखाली कडक लागते, खालची बाजू करपते ती वेगळीच. म्हणून मध्यम आच. गॅसची ज्योत पातेल्याच्या बुडाखालीच राहावी, कडेने वर चढू नये. आणि तेलातून धूर यायला लागला, तर आच जास्त झाली हे नक्की समजा.

आता प्रत्यक्ष करून पाहू. तीन लिटरचं जाड बुडाचं पातेलं घ्या, बसतं झाकण घ्या. त्यात दोन मोठे चमचे तेल घाला. साधं, वासाला सौम्य असलेलं खाद्यतेल घ्या. लोण्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, तो इतक्या उष्णतेला जळतो. लोण्याची चव हवी असेल तर ते शेवटी वितळवून वरून घाला. दाणे पाच मोठे चमचे पुरेत. हे फार कमी वाटतील, पण फुटल्यावर त्यांचं आकारमान तिसेक पटींनी वाढतं. खूण अशी, की दाणे बुडावर एकाच थरात पसरले पाहिजेत. थरावर थर आला की वरचे दाणे तेलापासून दूर राहतात.

तेल घातल्यावर सगळे दाणे लगेच टाकू नका. आधी फक्त तीन दाणे टाका, झाकण ठेवा आणि मध्यम आचेवर थांबा. काही वेळाने एक फट्ट आवाज येईल, मग दुसरा, मग तिसरा. तिन्ही फुटले म्हणजे तेल हव्या त्या उष्णतेला पोचलं. आता पातेलं आचेवरून उतरवा, त्या तीन लाह्या काढा, बाकीचे सगळे दाणे घाला, झाकण ठेवा आणि मनातल्या मनात तीसपर्यंत सावकाश मोजा. ही अर्ध्या मिनिटाची विश्रांती मला या सगळ्या कृतीतली सर्वात मोलाची वाटते. त्या वेळात सगळे दाणे तेलाची उष्णता घेऊन जवळपास सारखे तापतात, पण फुटत नाहीत. त्यामुळे पातेलं परत आचेवर ठेवलं की ते आगेमागे न होता जवळजवळ एकदमच फुटू लागतात.

तडतड सुरू झाली की हलवायला लागा. दोन्ही हातांत जाड फडकी धरून पातेलं बर्नरवर पुढे-मागे सरकवा. सतत हलवायची गरज नाही, दर काही सेकंदांनी दोन-तीन झटके पुरे. फुटलेली लाही हलकी असल्याने वर येते, न फुटलेला जड दाणा फटीतून घरंगळत खाली तेलात जातो. हलवण्याचा उद्देश तोच आहे. काचेच्या शेगडीवर मात्र पातेलं घासू नका, ओरखडे पडतात. तिथे किंचित उचलून गोल फिरवा. इंडक्शनवर पातेलं फार वेळ उचललं तर शेगडी थांबते, म्हणून पटकन हलवून खाली ठेवा.

झाकणाबद्दल एक सांगायचं राहिलं. फुटणाऱ्या प्रत्येक दाण्यातून वाफ बाहेर पडते. झाकण घट्ट राहिलं तर ती आतच कोंडते आणि कुरकुरीत व्हायच्या लाह्या चिवट होतात. म्हणून जोर वाढला की झाकण एका बाजूने केसभर कलतं ठेवा. फट तुमच्या तोंडाकडे नको, पलीकडच्या बाजूला. गरम वाफ आणि तेलाचे थेंब तिथूनच उडतात.

आता कान द्या. सुरुवातीला सुटे, मोजता येतील असे आवाज येतात. मग ते एकमेकांत मिसळतात, पाऊस पत्र्यावर कोसळावा तसा सलग आवाज होतो, झाकणावर टकटक बसते. या वेळी हात चालू ठेवा, आच बदलू नका. थोड्याच वेळात आवाज पुन्हा सुटे होतात. दोन आवाजांमध्ये दोन ते तीन सेकंदांचं अंतर पडलं की लगेच उतरवा. आणखी थोडे फुटतील म्हणून थांबण्याचा मोह आवरा. त्या चार-दोन दाण्यांपायी तळाच्या भरपूर लाह्या करपतात, आणि करपट वास सगळ्यांना लागतो.

आच बंद केली तरी जाड बूड तापलेलंच असतं, म्हणून लाह्या पातेल्यात ठेवू नका, ताबडतोब रुंद भांड्यात ओता. झाकण काढताना ते स्वतःकडे न कलवता पलीकडे उचला, कारण एखादा उशिराचा दाणा अजून उडू शकतो. मीठ लाह्या गरम असतानाच भुरभुरवा, आणि ते बारीक असू द्या. जाड मीठ लाहीला धरत नाही, भांड्याच्या तळाशी जाऊन बसतं.

शेवटी तळाचे गणंग पाहा. पाच-सहा उरले तर काही बिघडलं नाही, त्यांचं टरफल आधीच तडकलेलं असेल. पण मूठभर उरले, आच मध्यम होती आणि विश्रांतीही दिली होती, तर दाणे जुने होऊन सुकले आहेत. अर्धा किलो दाण्यांच्या बरणीत एक मोठा चमचा पाणी घाला, झाकण घट्ट लावून हलवा आणि तीन-चार दिवस ठेवा. पहिल्या दिवशी अधूनमधून पुन्हा हलवा, म्हणजे पाणी एकाच जागी मुरणार नाही. मग आधी थोडेसे दाणे फोडून पाहा.