रजेच्या अर्जातील ‘वुड’ आणि ‘विल’

(ठाण्यात कार्यालयीन लेखनावर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी बरेच जण ऐरोली, घणसोली, महापे या पट्ट्यातील कार्यालयांत कामाला जातात, घरी मराठी बोलतात आणि रजेचा अर्ज मात्र इंग्रजीतून पाठवतात. आज त्या अर्जातील दोनच क्रियारूपांविषयी बोलायचे आहे, कारण अर्जांत होणाऱ्या काळाच्या आणि अर्थाच्या बहुतेक चुका ‘वुड’ आणि ‘विल’ यांच्या अदलाबदलीतून होतात.

बहिणीच्या लग्नासाठी साताऱ्याला जाणाऱ्या एका कर्मचाऱ्याचा अर्ज उदाहरणादाखल घेऊ. हा अर्ज मी रचलेला आहे, पण त्यातील प्रत्येक वाक्य आपण कुठे ना कुठे वाचलेले असेल. ‘आय विल लाइक टू रिक्वेस्ट यू दॅट आय वुड बी ऑन लीव्ह फ्रॉम ट्यूजडे टू फ्रायडे. आय वुड रिझ्यूम वर्क ऑन मंडे. इफ आय विल रिटर्न अर्ली, आय वुड अटेंड द फ्रायडे मीटिंग.’

हाच मनुष्य मराठीत अर्ज लिहायला बसला, तर तो काय लिहील? ‘मंगळवार ते शुक्रवार रजा मंजूर व्हावी, ही विनंती. सोमवारी कामावर रुजू होईन.’ पहिल्या वाक्यात ‘व्हावी’ हे वाख्यात आहे, म्हणजे विध्यर्थाचे रूप. दुसऱ्यात ‘होईन’ हे ईलाख्यात, म्हणजे साधा भविष्यकाळ. नम्रता कुठे ठेवायची आणि माहिती कुठे द्यायची, हे त्याला न शिकवता कळते. ‘मी सोमवारी रुजू व्हावे’ असे तो स्वतःविषयी चुकूनही लिहिणार नाही, कारण त्याचा अर्थ ‘मी रुजू होणे योग्य ठरेल’ असा काहीतरी भलताच होतो. इंग्रजीत मात्र ‘वुड’ हे सौजन्याचे रूप आहे एवढेच ऐकलेले असते आणि वरिष्ठांना लिहायचे म्हणून ते जिथे जागा दिसेल तिथे बसवले जाते. परिणामी जिथे ‘वुड’ हवे तिथे ‘विल’ आणि जिथे ‘विल’ हवे तिथे ‘वुड’ येते.

आता पहिले वाक्य पाहू. ‘आय विल लाइक’ म्हणजे ‘मला पुढे आवडेल’. एखादी गोष्ट अनुभवल्यावर ती आवडेल, असा तो अंदाज झाला. विनंती आत्ता करायची आहे, म्हणून ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट’ असेच हवे. इथल्या ‘वुड’मुळे इच्छा थोडी मागे सरकते आणि समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. सौजन्य आहे ते एवढेच.

मग सरळ ‘आय रिक्वेस्ट’ लिहिणे उद्धट आहे का? अजिबात नाही. विनंती करणे, वचन देणे, क्षमा मागणे अशी काही क्रियापदे प्रथमपुरुषी साध्या वर्तमानकाळात उच्चारली की ती कृतीच घडते. ऑक्सफर्डचे तत्त्वज्ञ जॉन ऑस्टिन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डला दिलेल्या व्याख्यानांत हे विस्ताराने मांडले. ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह’ हे वाक्य लिहिले, म्हणजे विनंती झाली. ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट’ हे शब्दशः पाहिले तर विनंती करण्याची इच्छा सांगते. ते विनंती म्हणून चालते ते रूढीने. त्यामुळे ठरावीक नमुन्याच्या औपचारिक अर्जात पहिले रूप शोभते आणि रोजच्या ओळखीच्या व्यवस्थापकाला लिहिलेल्या ईमेलमध्ये दुसरे. माझा कौल विचाराल, तर ज्या अर्जाची पुढे फाइल होणार आहे तिथे पहिले. ‘आय ॲम रिक्वेस्टिंग’ मात्र टाळावे, कारण चालू काळामुळे ती विनंती पुन्हापुन्हा चालल्यासारखी, क्वचित त्रासल्यासारखी ऐकू येते. ‘आय ॲम रायटिंग टू रिक्वेस्ट’ हे ठीक आहे, कारण तिथे लिहिण्याची क्रिया खरोखर चालू असते.

त्याच वाक्याच्या उत्तरार्धात ‘रिक्वेस्ट यू दॅट आय वुड बी ऑन लीव्ह’ आहे. इथे विनंतीच्या वेष्टनात सूचना गुंडाळलेली आहे. मागायची ती रजा. म्हणून ‘रिक्वेस्ट लीव्ह फ्रॉम ट्यूजडे टू फ्रायडे’ एवढे पुरे.

‘आय वुड रिझ्यूम वर्क ऑन मंडे’ हे वाक्य सर्वांत नुकसान करते, कारण ते पाहताक्षणी चुकीचे वाटत नाही. या ‘वुड’ला एखाद्या अटीचा आधार लागतो. अट लिहिलेली नसेल, तर वाचणारा ती शोधतो: रुजू झाला असता, पण काय? गाडी मिळाली तर? मनात आले तर? सोमवारच्या पाळीत नाव घालावे की नाही, हे ज्याला ठरवायचे आहे त्याच्या हाती काहीच लागत नाही. तिथे ‘आय विल रिझ्यूम’ हवे. ‘विल’ने हुकूम दिल्यासारखे वाटेल ही भीती निराधार आहे, ‘रुजू होईन’ लिहिताना ती आपल्याला कधी वाटते का?

यावर एक चांगला आक्षेप येतो. रजा अजून मंजूरच झालेली नाही, मग ‘आय विल बी ऑन लीव्ह’ लिहिणे म्हणजे आपणच निर्णय घेतल्यासारखे नाही का? आक्षेप बरोबर आहे, आणि म्हणूनच ही चूक निव्वळ लाल रेघ मारून सुटत नाही. मंजुरीची अट मनात असेल, तर ती वाक्यात आणावी: ‘इफ द लीव्ह इज ॲप्रूव्ड, आय विल बी अवे अंटिल फ्रायडे.’ अट शब्दांत आली की ‘विल’ आगाऊ वाटत नाही. मंजुरीनंतर सहकाऱ्यांना पाठवायच्या निरोपात अट उरत नाही. तिथे ‘आय विल बी ऑन लीव्ह’ सरळ लिहावे.

या वाक्यात ‘इफ’नंतर साधा वर्तमानकाळ आला आहे, हेही पाहा. मराठीत ‘लवकर येईन तेव्हा कळवीन’ असे दोन्हीकडे भविष्यकाळ चालतात, म्हणून आपण ‘इफ आय विल रिटर्न’ किंवा ‘व्हेन आय विल रीच’ लिहून जातो. इंग्रजीत अशा अटीच्या आणि वेळेच्या उपवाक्यांत भविष्याची खूण मुख्य वाक्यातच राहते: ‘इफ आय रिटर्न अर्ली, आय विल अटेंड द मीटिंग.’

‘व्हावी’ तिथे ‘वुड’ आणि ‘होईन’ तिथे ‘विल’ हा आडाखा एका ठिकाणी फसतो, तेही सांगायला हवे. ‘आपला आभारी राहीन’ यात मराठीत भविष्यकाळ आहे, पण रूढ इंग्रजी वाक्य ‘आय वुड बी ग्रेटफुल इफ यू कुड ग्रँट मी लीव्ह’ असे आहे. तिथे अट वाक्यातच असते आणि दोन्ही क्रियापदे एकमेकांना धरून एक पायरी मागे सरकतात. ‘वुड बी ग्रेटफुल इफ यू कॅन’ असे अर्धे मागे, अर्धे पुढे लिहिले, की जोड दिसते.

‘शॅल’विषयी थोडक्यात. प्रथमपुरुषी ‘शॅल’ हा नियम जॉन वॉलिस यांच्या १६५३ च्या व्याकरणापर्यंत मागे जातो. ‘आय शॅल रिझ्यूम’ चूक नाही, जुन्या वळणाचे आहे. मात्र एकाच अर्जात एकदा ‘शॅल’ आणि एकदा ‘विल’ नको.

साताऱ्याचा अर्ज आता असा होईल: ‘आय रिक्वेस्ट यू टू ग्रँट मी लीव्ह फ्रॉम ट्यूजडे टू फ्रायडे फॉर माय सिस्टर्स वेडिंग इन सातारा. आय विल रिझ्यूम वर्क ऑन मंडे. इफ आय रिटर्न अर्ली, आय विल अटेंड द फ्रायडे मीटिंग.’ यात एकही ‘वुड’ उरलेले नाही. ज्यांना त्याशिवाय चैन पडत नसेल, त्यांनी पहिले वाक्य ‘आय वुड लाइक टू रिक्वेस्ट लीव्ह’ असे सुरू करावे आणि पुढची दोन जशीच्या तशी ठेवावीत.