भोक बुजवले, मग दम का लागतो?

अध्यक्ष महोदय, परिचारिका भगिनी, आशाताई, शिक्षक आणि पालक मित्रहो,

पोट आणि छाती यांच्यामध्ये स्नायूंचा जो पडदा असतो त्याला आपण श्वासपटल म्हणतो. या पडद्याला गर्भातच भोक राहिले, तर जन्मलेल्या बाळाची फुप्फुसे लहान आणि अपुरी का असतात, हा आजचा विषय आहे. जिकडे भोक आहे तिकडचे फुप्फुस लहान राहते हे समजण्यासारखे आहे. परंतु भोक नसलेल्या बाजूचे फुप्फुसही लहानच का निघते, या प्रश्नाचे उत्तर देण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे, आणि तिथपर्यंत मला आज पोहोचायचे आहे.

मराठवाड्यात लहान मुलांच्या शस्त्रक्रिया करताना एक गोष्ट मला सतत खटकत आली आहे. अशा बाळाचे नाव निघाले की नातेवाईकच नव्हे, तर बाळाला पाठवणारे डॉक्टरसुद्धा पहिला प्रश्न विचारतात तो भोकाचा: ऑपरेशन कधी करणार, टाके कधी घालणार? जणू भोक हाच आजार आहे आणि ते शिवले की बाळ बरे झाले. पूर्वी आम्हा सर्जनांचीही हीच समजूत होती आणि जन्मल्यानंतर काही तासांतच अशा बाळांना टेबलावर घेतले जात असे. आज जगभर आधी बाळाचा श्वास आणि रक्तदाब स्थिर केला जातो आणि मगच शस्त्रक्रिया होते, कारण बाळाचा जीव जातो तो भोकाने नव्हे, फुप्फुसाने.

एका बाळाची हकिकत सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे हवेत राहणार नाही. आईवडील बीड जिल्ह्यातले, ऊसतोडीला जाणारे. दसऱ्यानंतर मुकादमाच्या टोळीबरोबर ते कारखान्यावर गेले तेव्हा आईला तिसरा महिना होता. अठरा ते वीस आठवड्यांच्या दरम्यान जी सोनोग्राफी व्हायला हवी, ती वेळ उसाच्या फडात गेली. उचल घेतलेली असताना आणि खाडा केला तर पैसे कापले जात असताना ती बाई सोनोग्राफीला कशी जाणार होती, हा प्रश्न मी तिला दोष देणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. ती सोनोग्राफी झाली असती, तर छातीच्या ज्या आडव्या छेदात हृदयाचे चारही कप्पे दिसतात, त्याच छेदात हृदयाच्या शेजारी जठराचा काळा बुडबुडा दिसला असता आणि हृदय उजवीकडे ढकललेले दिसले असते.

टोळी परत आल्यावर एप्रिलमध्ये पूर्ण दिवसांचे बाळ जन्मले. वजन चांगले होते, पण बाळ क्षीण रडले आणि काही मिनिटांत निळे पडू लागले. तिथल्या परिचारिकेने शिकवल्याप्रमाणे मास्क लावून अँबू बॅगने हवा दिली. आजार माहीत नसताना ते योग्यच होते, पण या एका आजारात मास्कने दिलेली हवा घात करते. ती अन्ननलिकेतून जठरात आणि आतड्यांत शिरते, ती आतडी छातीत असल्यामुळे छातीतच फुगतात आणि उरलेसुरले फुप्फुस आणखी दाबले जाते. ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत: हवा द्यावी तसे बाळ अधिकच निळे पडते, छाती फुगीर असते, पोट मात्र खपाटीला गेलेले असते, कारण पोटातला ऐवज वर गेलेला असतो. शिवाय हृदयाचे ठोके डावीकडे ऐकू न येता उजवीकडे येतात. या खुणा दिसल्या तर मास्क बाजूला ठेवून थेट श्वासनलिकेत नळी घालायची आणि दुसरी नळी जठरात घालून तिथली हवा काढत राहायची. त्या परिचारिकेच्या लक्षात ठोके आले. तिने डॉक्टरांना हाक मारली, नळी पडली आणि बाळ १०८ च्या गाडीतून आमच्याकडे आले. एक्स-रेमध्ये डाव्या छातीत आतड्यांची वेटोळी स्पष्ट दिसत होती.

बाळाच्या उजव्या हाताला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजनचे प्रमाण 92 टक्के दिसत होते आणि पायाला लावलेल्या यंत्रावर 78. एकाच बाळाच्या हातापायांत हा फरक का, याकडे मी पुढे येतो. काही दिवसांनी हा फरक कमी झाल्यावर आम्ही शस्त्रक्रिया केली. आतडी, जठर आणि प्लीहा खाली आणून भोक शिवले, आणि ते काम सरळ पार पडले. पण आतडी खाली ओढल्यावर छातीत वरच्या कोपऱ्याला जे डावे फुप्फुस दिसले, ते माझ्या अंगठ्याच्या पेराएवढे होते. बाळ व्हेंटिलेटरवरच राहिले. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील मला म्हणाले, “साहेब, भोक बुजवलं म्हणता, मग लेकराला दम का लागायलाय?” या आजारावर याहून नेमका प्रश्न मी ऐकलेला नाही, म्हणून तोच आजच्या व्याख्यानाचे शीर्षक केला.

याचे उत्तर गर्भाच्या पहिल्या चार महिन्यांत आहे. श्वासपटल एकसंध जन्माला येत नाही. वेगवेगळ्या घड्या चहूबाजूंनी वाढत येऊन साधारण आठव्या ते दहाव्या आठवड्यात एकमेकींना मिळतात. मागच्या बाजूची फट सर्वांत शेवटी बुजते, त्यातही डावीकडची उजवीकडच्या मागाहून, आणि उजवीकडे यकृताचा आधारही असतो. म्हणून अशी सुमारे 80 ते 85 टक्के भोके डावीकडे असतात. चेक शरीरशास्त्रज्ञ बोखडालेक यांनी 1848 मध्ये या जागेचे वर्णन केले आणि आजही हा हर्निया त्यांच्या नावाने ओळखला जातो. त्याच सुमारास, म्हणजे दहाव्या आठवड्याच्या आसपास, तोपर्यंत नाळेच्या मुळाशी वाढत असलेली आतडी पोटात परततात. फट उघडी असेल तर ती पोटात न थांबता छातीत चढतात.

नेमक्या याच काळात फुप्फुसाला फांद्या फुटत असतात. मुख्य श्वासनलिकेचे दोन भाग, त्यांचे पुन्हा दोन, असे करत हवा वाहून नेणाऱ्या सर्व नळ्यांचे फाटे साधारण सोळाव्या आठवड्यापर्यंत पूर्ण होतात आणि त्यानंतर नवी फांदी फुटत नाही. आपल्याकडच्या तुरीला फांद्या फुटायच्या त्या सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत फुटतात आणि फुलोऱ्यात कितीही खत घातले तरी त्यांची संख्या वाढत नाही, तसेच हे आहे. वायुकोश जन्मानंतरही काही वर्षे तयार होत राहतात, पण ते असलेल्या फांद्यांच्याच टोकांना. म्हणून फांद्या कमी असल्या की वायुकोशही कायमचे कमी राहतात.

आता दाब का भोवतो, हे पाहू. गर्भातल्या फुप्फुसात हवा नसते, पण ते रिकामेही नसते. ते स्वतःच एक द्रव स्रवते, स्वरयंत्राची जागा अरुंद असल्यामुळे तो द्रव झटकन बाहेर पडत नाही आणि फुप्फुस आतून सतत ताणलेले राहते. गर्भ श्वासाच्या हालचालीही करतो, आणि प्रत्येक हालचालीत श्वासपटल खाली जाऊन हा ताण राखते. हा ताण हीच फुप्फुसाच्या पेशींना वाढण्याची आज्ञा असते. मेंढीच्या गर्भावर केलेल्या प्रयोगांत श्वासनलिकेतला द्रव बाहेर वाहू दिला तेव्हा फुप्फुसे खुरटली आणि श्वासनलिका बांधून द्रव अडवला तेव्हा ती प्रमाणाबाहेर वाढली. छातीत आतडी बसली की जागा जाते, द्रव टिकत नाही, फाटलेल्या पडद्याची हालचाल अपुरी पडते आणि ताण संपतो.

आता हातापायांतल्या फरकाकडे येतो. फुप्फुसातल्या रक्तवाहिन्या हवेच्या नळ्यांच्या सोबतीने वाढतात. नळ्या कमी तर रक्तवाहिन्याही कमी, आणि ज्या असतात त्यांच्या भिंतीत स्नायू जास्त जाड असतो. जन्मानंतर फुप्फुसातला रक्तदाब उतरायला हवा, तो उतरत नाही. मग गर्भातल्या जुन्या जोडवाहिनीतून अशुद्ध रक्त फुप्फुसाला वळसा घालून महाधमनीत शिरते. उजव्या हाताची वाहिनी त्या जोडाच्या आधी फुटते, पायांकडचे रक्त त्यानंतरचे असते, म्हणून पायाचा आकडा खाली येतो. भोक शिवल्याने यातले काहीच बदलत नाही, आणि त्या वडिलांना मी हेच समजावून सांगितले.

अध्यक्षांनी वेळेची सूचना केली आहे, म्हणून सुरुवातीला कबूल केलेले उत्तर आता थोडक्यात देतो. भोक नसलेल्या बाजूचे फुप्फुस लहान असण्याचे एक कारण सरळ आहे: हृदय आणि छातीचा मधला भाग पलीकडे ढकलला जातो आणि तेही फुप्फुस दाबतो. पण एवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही. नायट्रोफेन हे तणनाशक गाभण उंदरिणींना दिले, तर पिल्लांच्या श्वासपटलाला भोक पडते. त्या पिल्लांची दोन्ही फुप्फुसे, आतडी वर चढण्याच्या आधीच, लहान असतात. गर्भातून काढलेली फुप्फुसाची कळी बशीत वाढवून तिला नायट्रोफेन दिले, तर छाती, आतडी, भोक यांपैकी काहीच नसतानाही तिला फाटे कमी फुटतात. यावरून 2000 मध्ये दुहेरी आघाताची कल्पना मांडली गेली. पहिला आघात दोन्ही फुप्फुसांवर, श्वासपटल जुळण्याच्या आधीच होतो. दुसरा आघात नंतर, मुख्यतः भोकाच्या बाजूला, दाबामुळे होतो. मात्र निरोगी कोकराच्या गर्भात शस्त्रक्रियेने भोक पाडले तरी फुप्फुस खुरटते, म्हणजे दुसरा आघात एकटाही पुरेसा असतो. शेतकरी बांधवांनी घाबरून जाऊ नये: माणसात या आजाराशी नायट्रोफेनचा संबंध सिद्ध झालेला नाही. या मार्गात जीवनसत्त्व अ चा वाटा दिसतो, पण म्हणून कोणत्याही गरोदर बाईने त्याच्या जादा गोळ्या घेऊ नयेत. अतिरेकाने गर्भाला अपाय होतो.

गर्भातच फुप्फुस वाढवता येईल का, असा प्रश्न चिठ्ठीवर आला आहे. ताणाचे तेच तत्त्व वापरून गर्भाच्या श्वासनलिकेत 27 ते 29 आठवड्यांच्या सुमारास छोटा फुगा बसवतात आणि साधारण 34 व्या आठवड्यात काढतात. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत डाव्या बाजूच्या तीव्र आजारात फुगा बसवलेल्यांपैकी 40 टक्के बाळे घरी गेली, न बसवलेल्यांपैकी 15 टक्के. मध्यम तीव्रतेत मात्र ठळक फायदा सिद्ध झाला नाही, आणि फुग्यामुळे वेळेआधी प्रसूती होण्याचे प्रमाण वाढले. शिवाय फांद्यांची मुदत सोळाव्या आठवड्यालाच संपलेली असते, त्यामुळे फुगा उरलेल्या फुप्फुसाला वाढवतो, हरवलेल्या फांद्या परत आणत नाही.

ते बाळ वाचले. पायाचा आकडा हळूहळू हाताच्या आकड्याला येऊन मिळाला आणि व्हेंटिलेटर सुटला. नंतरच्या एक्स-रेत डावी छाती भरलेली दिसते, पण ती बरीचशी फुगलेल्या वायुकोशांनी भरलेली आहे, म्हणून धावताना त्याला इतर मुलांपेक्षा लवकर दम लागतो आणि साधा सर्दी-खोकलाही लवकर छातीत उतरतो. आईला पुन्हा दिवस राहिले तर हा आजार पुन्हा होण्याची शक्यता साधारण शंभरात एक-दोन आहे. आशाताईंनी तिच्या कार्डावर अठरा आठवड्यांची तारीख आताच लिहून ठेवली आहे, आणि ती तारीख ऊसतोडीच्या हंगामात येणार असेल, तर सोनोग्राफी कारखान्याजवळ कुठे करायची, तेही त्याच कार्डावर लिहायचे ठरले आहे.