पिनियनच्या दाताच्या मुळाशी ताण किती? लुईस समीकरणाने तपासणी

(ठाण्याच्या वागळे इस्टेट भागात वर्कशॉपचालक आणि देखभाल विभागातील तंत्रज्ञांसमोर झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज एकच गणित करायचं आहे, पण ते शेवटपर्यंत न्यायचं आहे. कन्व्हेयरच्या गिअरबॉक्सचा पहिला टप्पा घेऊ. साडेपाच किलोवॅटची मोटर, १४४० आरपीएम. पिनियनला १८ दात, मॉड्यूल ३, दाब कोन २० अंश, दाताची रुंदी ३० मिलिमीटर. माल सी४५, तन्यता सामर्थ्य ६३० एमपीए धरू. जुना पिनियन झिजला आहे, नवा करून घ्यायचा आहे. तो वाकण्याचा ताण सोसेल का?

विल्फ्रेड लुईस यांनी १८९२ साली मांडलेली कल्पना अगदी सरळ आहे. दात म्हणजे एका टोकाला पक्की धरलेली छोटी कॅन्टिलिव्हर तुळई. सगळा भार एकाच दाताच्या टोकाशी आला असं धरायचं. भाराची रेषा दाताच्या मध्यरेषेला जिथे छेदते, तिथून दाताच्या आत बसेल असा पॅराबोला काढायचा. पॅराबोलाच्या आकाराच्या तुळईत ताण सगळीकडे सारखा असतो. म्हणून हा पॅराबोला मुळाच्या फिलेटला जिथे स्पर्श करतो, तोच दाताचा सर्वात कमकुवत छेद. तिथली जाडी आणि तिथवरची उंची या दोन्ही मॉड्यूलच्या पटीत वाढतात. त्यामुळे आकाराचा सगळा परिणाम एका आकड्यात येतो, तो म्हणजे फॉर्म फॅक्टर.

```
σ = P / (b · m · Y)
```

यात P म्हणजे स्पर्शरेषेतला भार, b रुंदी, m मॉड्यूल आणि Y फॉर्म फॅक्टर. २० अंशांच्या पूर्ण उंचीच्या १८ दातांसाठी तक्त्यात Y ०.३०८ आहे. इथे एक सावधगिरी. काही जुन्या तक्त्यांत लहान y दिलेला असतो. तो वर्तुळाकार पिचवर आधारलेला असतो आणि मोठ्या Y पेक्षा पाय पटीने लहान, म्हणजे इथे ०.०९८. तो चुकून मॉड्यूलच्या सूत्रात घातला, तर ताण तिप्पट दिसतो आणि चांगला पिनियन रद्द होतो. आकडा ०.१५ च्या आसपास किंवा खाली असेल, तर थांबून तक्त्याचं शीर्षक वाचा.

आता भार. टॉर्क निघतो ३६.५ न्यूटन मीटर. पिच व्यास १८ गुणिले ३, म्हणजे ५४ मिलिमीटर. टॉर्कला २७ मिलिमीटरच्या त्रिज्येने भागलं की १३५१ न्यूटन. मध्यम धक्क्याच्या कामासाठी सर्व्हिस फॅक्टर दीड घेतला की २०२६ न्यूटन. इथपर्यंत सगळे बरोबर येतात. पुढची पायरी मात्र घाईत सुटते.

दात फिरताना एकमेकांवर आदळतात. दात जितके ओबडधोबड आणि वेग जितका जास्त, तितका हा गतिज भार वाढतो. पिच रेषेचा वेग इथे ४.०७ मीटर प्रति सेकंद आहे. साध्या, व्यावसायिक दर्जाच्या कापलेल्या दातांसाठी वेग घटक 3/(3+v) घेतात, तो येतो ०.४२४. २०२६ ला त्याने भागलं की प्रत्यक्ष भार ४७७६ न्यूटन झाला. त्याला ३० गुणिले ३ गुणिले ०.३०८ ने भागा: १७२ एमपीए. सी४५ साठी तन्यता सामर्थ्याचा एक तृतीयांश, म्हणजे २१० एमपीए, ही मर्यादा धरली तर सुरक्षा गुणक जेमतेम १.२२ येतो. दीडच्या खाली मी तरी पिनियन पास करणार नाही.

मग मॉड्यूल वाढवायचं? जुन्या गिअरबॉक्समध्ये ते जमत नाही. केंद्रांतर ठरलेलं, समोरचं चाक ठरलेलं. आधी पिनियन कापला कसा जाणार आहे ते विचारा. मिलिंग मशिनवर डिव्हायडिंग हेड लावून फॉर्म कटरने कापणार असतील, तर १७ ते २० दातांसाठी एकच कटर वापरला जातो. त्याचा आकार १७ दातांसाठी बरोबर असतो. १८ दातांवर तो थोडा चुकतो, शिवाय डिव्हायडिंगची चूक त्यात मिसळते. तिथे ०.४२४ हाच प्रामाणिक आकडा. तोच पिनियन हॉबिंगवर नीट कापला, तर 6/(6+v) वापरता येतं. ते येतं ०.५९६. भार ३४०० न्यूटनवर उतरतो, ताण १२३ एमपीए आणि सुरक्षा गुणक १.७१. माल तोच, मापं तीच. ड्रॉइंगवर दर्जा लिहिला नाही आणि हिशेबात मात्र हॉबिंगचा घटक घेतला, हे मला सर्वात जास्त खटकतं. कारण कागदावरचा १.७१ वर्कशॉपमध्ये गुपचूप १.२२ होतो.

एक शंका नेहमी येते: पिनियनच का तपासायचा? दोन्हींचा माल सारखा असेल तर कमी दातांचा Y लहान, म्हणून पिनियन कमकुवत. माल वेगळा असेल तर अनुज्ञेय ताण गुणिले Y ही तुलना करा. पिनियनसाठी २१० गुणिले ०.३०८, म्हणजे सुमारे ६५. समोर ७२ दातांचं एफजी २०० बिडाचं चाक असेल तर ६७ गुणिले ०.४३, म्हणजे २९. अशा जोडीत चाक आधी तुटेल.

आता समीकरण काय गृहीत धरतं ते पाहू. भार टोकाशी एकाच दातावर येतो, हे गृहीतक सुरक्षित बाजूचं आहे. प्रत्यक्षात टोकाशी संपर्क असताना बहुधा दुसरी जोडीही भार घेत असते. फिलेटवरचं ताणाचं केंद्रीकरण मात्र सूत्रात मुळीच नाही, आणि थकव्याची भेग तिथेच सुरू होते. कटर झिजून किंवा चुकीचा वापरून मुळाशी टोकदार कोपरा राहिला, तरी लुईसचं उत्तर तसूभर बदलत नाही. म्हणून मुळाची गोलाई डोळ्यांनी आणि नखाने तपासाच.

भार पूर्ण रुंदीवर सारखा पसरतो, हेही गृहीतच. दातांना निळा रंग लावून जोडी हाताने फिरवा. ठसा अर्ध्याच रुंदीवर आला तर हॉबिंगचा १२३ एमपीए थेट २४५ होतो, म्हणजे २१० च्या पलीकडे. यावर रुंदी वाढवून उपयोग नाही, बेअरिंगच्या जागा आणि शाफ्टची समांतरता दुरुस्त करा. तुटलेला दात हेच सांगतो. फक्त एक कोपरा उडाला असेल तर भार एका टोकाला होता. भार येणाऱ्या बाजूच्या मुळापासून गुळगुळीत, लाटांसारख्या रेषा आणि शेवटी खरखरीत पट्टा दिसला तर तो थकवा. सगळाच छेद खरखरीत असेल तर एकदम आलेला भार, बहुधा काहीतरी अडकलं होतं.

शेवटचं गृहीतक कॅन्टिलिव्हरच्या पक्क्या आधाराचं. या मापाची मोटर साधारण १३२ फ्रेमची असते, तिचा शाफ्ट ३८ मिलिमीटर. कपलिंग वाचवायला पिनियन थेट मोटरवर बसवू, असं कुणी सुचवलं तर मापं मांडा. मुळाचा व्यास ५४ वजा साडेसात, म्हणजे ४६.५, त्रिज्या २३.२५. बोअरची त्रिज्या १९, त्यात कीवेची खोली ३.३, झाले २२.३. दाताच्या मुळाखाली उरला जेमतेम एक मिलिमीटर. दाताच्या एकूण उंचीच्या निदान १.२ पट जाडी तिथे हवी, म्हणजे ६.७५ गुणिले १.२, आठ मिलिमीटर. एवढ्या पातळ कडेवर भेग दातातून न जाता सरळ कीवेत उतरते आणि पिनियन दुभंगतो. लुईसचा १२३ एमपीए इथे लागूच होत नाही. अशा वेळी पिनियन आणि शाफ्ट एकाच सळईतून करा आणि मोटरला कपलिंगने जोडा.