जे रुग्ण परत आलेच नाहीत, त्यांची साखर किती धरायची?

नमस्कार डॉक्टर. ठाण्यातल्या एका डायबेटिस ओपीडीतली फाईल मला अजून आठवते. कळव्याचे रिक्षावाले काका. तिसऱ्या महिन्यात एचबीए१सी ८.१, सहाव्या महिन्याचा रकाना कोरा. फोन केला तर म्हणाले, "मॅडम, गोळ्या सुटल्यात, साखर वाढली असणार. डॉक्टर ओरडतील म्हणून आलो नाही."

बघा, साखर वाढली म्हणूनच तिचा आकडा आपल्याकडे नाही. यालाच मिसिंग नॉट ॲट रँडम म्हणतात. कोरे रकाने अंदाजाने भरणारं नेहमीचं मल्टिपल इम्प्युटेशन मात्र असं धरून चालतं की काकांसारखेच आधीचे आकडे असलेले जे रुग्ण आले, त्यांच्यासारखीच काकांची साखर असेल. हे खरं की खोटं, ते हातातला डेटा सांगूच शकत नाही, कुठलीही टेस्ट लावा. म्हणून प्रश्न उलटा विचारायचा: न आलेल्यांची साखर किती जास्त असली, तर नवं औषध सरस असल्याचा आपल्या ट्रायलचा निष्कर्ष टिकणार नाही?

समजा, दोन्ही गटांत १००-१०० रुग्ण आहेत आणि नव्या औषधाच्या गटात २० जण गळाले. इम्प्युटेशननंतर नवं औषध ०.५ ने सरस, ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.१ ते ०.९. आता त्या २० जणांच्या भरलेल्या आकड्यांत प्रत्येकी ०.२५ मिळवा. हा डेल्टा. १०० पैकी २० जणांचेच आकडे वाढले, म्हणून गटाची सरासरी ०.०५ ने वाढते आणि फरक ०.४५ उरतो. डेल्टा ०.५ केला की फरक ०.४ वर येतो आणि इंटरव्हलचं खालचं टोक जवळपास शून्याला टेकतं. हा टिपिंग पॉइंट. सॉफ्टवेअर इंटरव्हल दर वेळी नव्याने काढतं, पण अंदाज असा तोंडीही करता येतो.

पुढचं काम माझं नाही, तुमचं आहे. गोळ्या सोडलेल्या माणसाची साखर ०.५ ने वाढेल का? सहज वाढेल, असंच तुम्ही म्हणाल. मग हा निष्कर्ष कच्चा आहे. टिपिंग पॉइंट ३ आला असता, तर मी निर्धास्त झाले असते.

एक चूक मला फार खटकते. दोन्ही गटांना सारखाच डेल्टा लावतात. गळालेले दोन्हीकडे सारखेच असतील, तर डेल्टा एकमेकांत वजा होतो आणि निष्कर्ष भक्कम असल्याचा भास होतो. कडक परीक्षा हवी असेल तर डेल्टा फक्त नव्या औषधाच्या गटाला लावा.

प्रोटोकॉलमध्ये, आकडे बघण्याआधीच, एवढं लिहा: "नव्या औषधाच्या गटातल्या, उपचार सोडून गळालेल्या रुग्णांच्या भरलेल्या एचबीए१सीमध्ये ० पासून २ पर्यंत, ०.२५ च्या टप्प्याने डेल्टा मिळवू. प्रत्येक टप्प्याचा फरक आणि इंटरव्हल देऊ. डेल्टा १ पर्यंतची वाढ आम्ही शक्य मानतो, कारण..." या 'कारण'पुढचं वाक्य तुमच्या ओपीडीतल्या अनुभवातून यायला हवं.

आणि केस रेकॉर्ड फॉर्मवर गळण्याचं कारण नोंदवायला जागा ठेवा. गावी राहायला गेलेल्याला आणि गोळ्या सोडलेल्या काकांना एकच डेल्टा लावणं बरोबर नाही. तो फोन झाला नसता, तर या दोघांतला फरक आपल्याला कळलाच नसता.