‘आम्ही’ म्हणजे नेमकं कोण?

मंडळी, अख्ख्या गावाच्या तोंडून कथा सांगायची, तर मराठीत आपल्याला एक सोय आयती मिळाली आहे. ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की तो आत येतो. शिवाय ‘मी गेलो’, ‘मी गेले’ यात बोलणारा बाप्या की बाई ते कळतं, ‘आम्ही गेलो’त कळत नाही. (बायका हसतायत, कारण कोल्हापुरात त्याही ‘मी आलो, मी गेलो’च म्हणतात. आपला मुलूख सोडून बोलतोय.) म्हणजे पारावरचे म्हातारे आणि नळावरच्या बाया एकाच क्रियापदात बसतात.

आता एक कथा बांधून बघू. करवीर तालुक्यातलं एक गाव. एक विधवा बाई रोज सकाळच्या एस.टी.नं कोल्हापूरला जाते आणि शेवटच्या गाडीनं परत येते. गावानं ठरवलंय की शहरात तिचं कुणीतरी आहे. खरं कारण एवढंच, की ऊसतोडीच्या दिवसांत ट्रॅक्टरवरनं पडलेला तिचा दीर कोल्हापुरातल्या सीपीआर दवाखान्यात आहे आणि ती त्याला डबा नेते. घरच्यांनी मात्र ‘मुंबईला कामाला गेलाय’ असं सांगितलंय, कारण त्याचं लग्न ठरायचंय आणि पाय अधू झाल्याचं पोरीकडच्यांना कळू द्यायचं नाही.

हे वाचकाला सांगणार कसं? बहुतेकजण इथंच घसरतात. शेवटच्या परिच्छेदात ‘तिला वाटलं, आता सगळ्यांना खरं सांगून टाकावं’ असं लिहितात. अहो, तिला काय वाटलं ते गावाला कुठनं कळलं? गाव उंबऱ्यापर्यंतच बघतं. माझ्या वहीत मी समासात प्रत्येक वाक्यापुढं साक्षीदार लिहितो: दूध संस्थेच्या रांगेतला, थांब्यावरचा, शेजारची. ज्या वाक्याला साक्षीदार सापडत नाही ते एक तर काढायचं, नाहीतर त्याला ‘म्हणे’ लावायचं. ‘रंकाळ्यावर दोघं दिसली म्हणे.’ हा ‘म्हणे’ मोठा चलाख शब्द आहे. बातमी पोचते आणि सांगणारा नामानिराळा राहतो. पण दर ओळीत आला की त्याचा चिवडा होतो. मी एका पानाला दोनदाच येऊ देतो.

तर खरी गोष्ट गावाच्याच तोंडून, पण गावाला न कळता बाहेर पडली पाहिजे. पहिल्या पानावर सहज एक ओळ: ‘हंगामात तिच्या दिराचा ट्रॅक्टर वळणावर उलटला, तेव्हा आम्हीच ऊस गोळा करायला धावलो.’ दीर मुंबईला गेल्याचं पुढच्या पानावर, एखाद्या पोराच्या लग्नाची बोलणी चालली असताना. आणि चौथ्या पानावर: ‘तिच्या हातात दोन कप्प्यांचा डबा असायचा. एका पोटाला दोन कप्पे कशाला, असं आम्ही एकमेकांना विचारलं.’ तिन्ही ओळी गावानंच पाहिलेल्या, फक्त त्यांची गाठ गावानं मारलेली नाही. ती वाचकाच्या हातून बसते. ओळी फार जवळ आल्या तर वाचक पहिल्याच पानावर ओळखतो, फार लांब गेल्या तर ट्रॅक्टर विसरतो. ते अंतर मोजायचं माप माझ्याकडं नाही. मी कथा एखाद्याला मोठ्यानं वाचून दाखवतो आणि डब्याच्या ओळीला त्याचा चेहरा बघतो.

दुसरं, ‘आम्ही’त कोण नाही? गावकुसाबाहेरची वस्ती या ‘आम्ही’त धरलीय का? लेखकानं ठरवलं नाही तर ‘आम्ही’ गुपचूप देवळासमोरच्या आळीपुरता उरतो. आमच्या कथेत वस्तीतली एक बाई त्याच एस.टी.त, त्या विधवेशेजारी रोज बसते. तिला सगळं माहीत आहे, पण तिला कुणी विचारत नाही. ‘तिच्या शेजारी वस्तीतली एक बसायची’ एवढ्या एका वाक्यात ती कथेत येते.

विल्यम फॉकनरच्या ‘अ रोझ फॉर एमिली’ या १९३०च्या कथेत शहर असंच बोलतं. शेवटी बंद खोलीचं दार फोडतात ‘ते’. आत काय आहे ते बघत उभे राहतात मात्र ‘आम्ही’. सर्वनाम बदललं की करणीची जबाबदारी दुसऱ्यावर गेली, आणि बघायला मात्र सगळे हजर.

आपल्या कथेत मी ‘आपण’ एकदाच वापरीन. लग्नाची बोलणी मोडतात आणि पोरीकडच्यांना कुणी काय सांगितलं ते गाव सांगत नाही. तिथं: ‘तिचं नाव आम्ही घेतलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, तेव्हा जे दिसलं ते सांगितलं. जाऊ द्या, आपल्याला काय करायचंय.’ आणि त्याच्या पुढच्या ओळीत शेवटची एस.टी. थांब्यावर येते. आम्ही कोण उतरतंय ते बघायला उठतो.