दाजींच्या नावाचा आंबा

नमस्कार श्रोतेहो. पेटीवरचा तो काळा-पांढरा चौकोन, क्यूआर कोड म्हणतात तो, मोबाईल धरला की सांगतो आंबा कुणाच्या बागेतला, कुठल्या गावचा, कधी तोडला. आज त्याच्याविषयी बोलायचं आहे. पण आधी आमच्या दाजींची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढं जाताच येत नाही.

दाजींची अंबड तालुक्यात एक एकर केसर आहे. जुनी लागण, दहा मीटरवर झाड, म्हणजे एकरात चाळीस झाडं. गेल्या वर्षी जूनच्या आठ तारखेला दाजी आणि ताई छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडं आले. घरचा आंबा संपला होता, म्हणून मी चौकातल्या गाड्यावरून पाच किलोची पेटी घेऊन आलो. पाहुणा आंबेवाला असताना बाजारचा आंबा आणायचा, ताईनं माझ्याकडं कसं बघितलं असेल ते तुम्हाला सांगायला नको. भाच्यानं गंमत म्हणून पेटीवरचा कोड स्कॅन केला आणि मोठ्यानं वाचायला लागला. गाव दाजींचं. गट नंबर दाजींचा. शेतकऱ्याचं नाव, खुद्द दाजींचं. तोडणी, १९ मे.

ताई म्हणाली, "बघा, तुमचाच माल तुम्ही दुसऱ्यांदा खाताय, तोही भाच्याच्या मामाच्या पैशानं!" आम्ही हसलो. दाजी हसले नाहीत. त्यांनी पेटीतला एक आंबा उचलला, दाबून बघितला, आणि देठ मोडला. देठातून चीक आला.

आता ज्यांच्या घरी आढी घालतात त्यांना एवढ्यावर कळलं असेल. केसर झाडावरून उतरवला की गवतात आठ-दहा दिवसांत पिकतो. १९ मे ते ८ जून, वीस दिवस होतात. वीस दिवसांचा आंबा एकतर पिकून संपलेला असतो, नाहीतर सुरकुतलेला. शीतगृहात ठेवला तर टिकेल, हेही खरं. पण मोडल्या देठाला चीक येतो तो ताज्या तोडीला, वीस दिवसांच्या आंब्याला नाही. दाजी म्हणाले, "हा आंबा काल-परवा झाडावर होता. आणि माझ्या झाडावर तर आता पानंच आहेत."

मग नाव दाजींचं कसं? कुणी खोटा कोड छापला? मलाही तसंच वाटलं. पण दाजी गप्प बसले आणि बोटांवर हिशेब करायला लागले. तो हिशेब तुम्हीही माझ्याबरोबर करा.

मार्चमध्ये बागेची नोंद झाली तेव्हा अंदाज लिहिला, चाळीस झाडं, झाडाला पन्नास किलो, म्हणजे दोन हजार किलो. पाच किलोची पेटी, म्हणून चारशे स्टिकर मिळाले. एप्रिलमध्ये गारपीट झाली. उतरला चौदाशे किलो. त्यातले दीडशे किलो घरात, लेकीबाळींकडं आणि आमच्यासारख्या पाहुण्यांकडं गेले. उरले साडेबाराशे, म्हणजे अडीचशे पेट्या. स्टिकर चारशे, पेट्या अडीचशे. दीडशे स्टिकर कुठं गेले?

दाजींना आठवलं. शेवटच्या दिवशी व्यापाऱ्यानं स्वतः माणसं लावून माल भरला, आणि उरलेला स्टिकरचा गठ्ठा पेट्यांसोबत त्याच्याच टेम्पोत गेला. दाजींनी तो परत मागितला नाही, कारण दाजींना वाटलं, कागदच तो. दीडशे स्टिकर म्हणजे साडेसातशे किलो आंबा. कुणाचाही, कुठलाही, पण दाजींच्या नावाचा. स्टिकर खरा, गाव खरं, गट नंबर खरा, फक्त आंबा दुसरा.

म्हणून लक्षात ठेवा, कोड पेटीवर असतो, आंब्यावर नसतो. पुन्हा सांगतो, कोड पेटीवर असतो, आंब्यावर नसतो.

आणि आंबा बघून तरी कसा ओळखणार? मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन मिळालं २०१६ साली, जुनागडकडच्या गीर केसरला त्याआधी, २०११ साली. जात एकच, कलमानं वाढवलेली. दोन्हीकडचे आंबे शेजारी ठेवले तर माझ्यासारख्याला कळणार नाही. दाजी म्हणतात त्यांना चवीवरून कळतं. दाजी असं पुष्कळ म्हणतात. (आमरसात दूध घालणाऱ्यांना मात्र दोन्हींतला फरक कधीच कळणार नाही, आणि लग्नाच्या पंगतीत हल्ली जो पिवळा पाण्यासारखा रस वाढतात त्याला कुठलंच मानांकन नाही. असो.)

मग ही नोंद फुकटची का? नाही. तिचं खरं काम दुसरं आहे. माल कुठं बिघडला तर मागं चालत जाता येतं. निर्यातीच्या द्राक्षांत हे बरीच वर्षं चालू आहे, ग्रेपनेट म्हणतात त्याला. प्रत्येक प्लॉटला नंबर, त्या प्लॉटवरच्या फवारण्यांची नोंद, त्याच प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत, आणि तोच नंबर पेटीवर. दूरच्या देशातल्या बंदरात एका पेटीत काही सापडलं तर नेमकी बाग कळते आणि सगळ्या गावाचा माल अडवावा लागत नाही. नोंद यासाठी असते. आंबा गोड करण्यासाठी नसते.

पण तिथंही २०१० साली काय झालं बघा. युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते. नोंद होती, प्लॉट नंबर होता, प्रयोगशाळेचा दाखलाही होता. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत ते नाव नव्हतं. जे शोधलंच नाही ते सापडणार कसं? कंटेनर अडकले आणि बागायतदार बुडाले. कोड तेवढंच सांगतो जेवढं कुणीतरी त्यात लिहिलेलं असतं. आंबा कार्बाइडवर पिकवला का, ते कोडात नसतं, कारण ते लिहिणार कोण? पिकवणाराच?

दाजींच्या बाबतीत भोक कुठं होतं, तेही सांगून टाकतो. स्टिकर अंदाजावर दिले, उतरलेल्या वजनावर नाही. गारपिटीनंतर आकडा कुणी खाली आणला नाही. पेटी भरताना तिथल्या तिथं कोड स्कॅन करून चालू करायचा, आणि चालू न केलेला कोड बाजारात दिसला की "ही पेटी भरलेलीच नाही" असं उत्तर यायला हवं. तसं असतं तर ते दीडशे स्टिकर नुसते कागद राहिले असते. पण चालू केलेल्या पेटीचंही काय, रिकामा पुठ्ठा भंगारवाला घेऊन जातोच, आणि त्यात पुन्हा काय भरलं हे पुठ्ठ्याला ठाऊक नसतं. म्हणून झाकण उघडताना कोड फाटलाच पाहिजे, असा तो झाकणाच्या फटीवर आडवा चिकटवायला हवा.

तुम्ही पेटी घेताना एवढंच बघा. कोडातली तोडणीची तारीख बघा आणि हातातला आंबा बघा. तारीख जुनी आणि आंबा कडक, देठाला चीक, तर विचारा. आमच्या दाजींनी त्या तारखेमुळंच ओळखलं. कोड नसता तर तेही कळलं नसतं, आम्ही मुकाट्यानं खाल्ला असता.

दाजींनी दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याला फोन केला. त्यानं सांगितलं, गठ्ठा हरवला. या वर्षी दाजी उरलेले स्टिकर मोजून चुलीत घालणार आहेत, ताईच्या समोर, कारण ताईचा त्यांच्या मोजण्यावर विश्वास नाही.

ते आंबे आम्ही आढीला घातले. सातव्या दिवशी पिकले. दाजींनी तीन खाल्ले, कोय चोखून बाजूला ठेवली आणि म्हणाले, "माझ्यापेक्षा गोड आहेत राव." नमस्कार.