खाली परत येणारी धार

नमस्कार श्रोतेहो, केमिकलच्या पोरापोरींनो, भाताच्या पातेल्यावरचं झाकण आठवा, वाफ वर जाते, झाकणाला थंड होते, थेंब परत भातात पडतात, तो परत पडणारा थेंब म्हणजे रिफ्लक्स. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

अल्कोहोल 78 डिग्रीला उकळतं, पाणी 100 ला, म्हणून लोकांना वाटतं आधी अल्कोहोल जाईल, मग पाणी. तसं नसतं, दोघं बरोबरच निघतात, फक्त वाफेत अल्कोहोलचा वाटा जास्त असतो. द्रवात 100 रेणूंमागे 10 अल्कोहोलचे असतील तर वाफेत 44 च्या आसपास, ती वाफ थंड करून परत उकळा, 63, परत उकळा, 71. डिस्टिलेशन कॉलममध्ये एकावर एक प्लेटा असतात, प्रत्येक प्लेटवर हेच घडतं, पण वरून द्रव येत असेल तरच. वरून द्रव आला पाहिजे, हे विसरू नका.

मी नवीन होतो तेव्हाची गोष्ट, आपल्याच जिल्ह्यातली मळीवरची डिस्टिलरी, मे महिना, रात्रपाळी. (रात्रपाळीच्या माणसाला कडक भाकरी आणि शेंगाचटणीच पाहिजे, कॅन्टीनच्या वड्यावर रात्र निघत नाही, हे माझं ठाम मत.) टँकर भरायची घाई, म्हणून मी ड्रॉचा, म्हणजे वरून माल बाहेर काढायचा व्हॉल्व्ह जास्त उघडला. तासाभरात स्पिरिट आकारमानाने 95 टक्क्यांवरून 88 वर, आणि वरचं टेंपरेचर चढलेलं किती, जेमतेम दीड-दोन डिग्री! मी स्टीमच्या व्हॉल्व्हकडे निघालो तर ऑपरेटर मामा ओरडले, "का बे, स्टीम कशाला वाढवालास? वर प्लेटा कोरड्या पडल्यात की!"

बरोबर होतं त्यांचं. जवळजवळ सगळा माल मी बाहेर काढत होतो, खाली परत फारसं काहीच जात नव्हतं, मग वाफेतलं पाणी धरणार कोण? वरून उतरणारा द्रव वाफेतलं पाणी घेतो आणि आपलं अल्कोहोल वाफेला देतो. स्टीम वाढवली असती तर जास्तीची वाफ तशीच बाहेर गेली असती, आणि फारच वाढली असती तर तिने द्रवाला खाली उतरूच दिलं नसतं, त्याला फ्लडिंग म्हणतात, कॉलमचा प्रेशर ड्रॉप एकदम चढला की ओळखायचं.

मामांनी ड्रॉ पूर्ण बंद केला. सगळा माल परत वरच्या प्लेटवर, टोटल रिफ्लक्स. आम्ही थर्मामीटरकडे बघत उभे, अर्ध्या तासात काटा जागेवर आला. मग ड्रॉ अगदी हळू उघडला, तीन भाग परत, एक भाग बाहेर. स्पिरिट 95.

मी विचारलं, मामा, अजून बंद ठेवला असता तर 100 झालं असतं का? नाही म्हणाले, आणि खरंच नाही होत, 97 च्या पुढे वाफ आणि द्रव एकसारखेच होतात, मग कितीही प्लेटा घाला, कितीही रिफ्लक्स द्या. तिथून पुढचं पाणी मॉलिक्युलर सिव्हसारख्या दुसऱ्या पद्धतीनेच काढायला लागतं.